८ तासांऐवजी ६ मोठे तास: शिकवायला वेळ खरंच जास्त मिळतो का?

वसुधा_र
मंडळी, आमच्या माध्यमिक शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. १२ तुकड्या आणि १६ पूर्णवेळ शिक्षक आहेत. संगीताचे शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येतात. सध्या दिवसाला ३५ मिनिटांचे ८ तास होतात. परिपाठ १५ मिनिटं, छोटी सुट्टी १०, मोठी २५. एकूण शाळा साडेपाच तासांची.

पुढच्या वर्षी ४५ मिनिटांचे ६ तास करावेत असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की तास बदलताना वेळ जातो, मोठा तास घेतला तर तो वाचेल. शिवाय शिक्षकांचा भार आठवड्याला सरासरी ३० तासांवरून २२ वर येईल, म्हणून "थोडे तास वाढवून घेता येतील". हे दुसरं वाक्य ऐकल्यापासून मला चैन नाही. कुणी असा बदल केला आहे का? काय बिघडलं, काय सुधारलं?

निरंजन_७
बदल नक्की करा. मुलांचं लक्ष फार वेळ टिकत नाही हे खरं, पण मोठ्या तासात दोन वेगळे उपक्रम बसतात. आणि तास बदलणं हा शुद्ध अपव्यय. ८ वेळा पाच-पाच मिनिटं म्हणजे रोज ४० मिनिटं गेली. ६ तासांत ३०च जातील. रोज १० मिनिटांचा नफा.

गुणाकार
निरंजन, गणित पुढे न्या ना. ८ गुणिले ३५ म्हणजे २८०, त्यातून ४० गेले, राहिले २४०. ६ गुणिले ४५ म्हणजे २७०, त्यातून ३० गेले, राहिले २४०. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ मिनिटाचाही वाढला नाही. तुम्ही म्हणता ती १० मिनिटं घंटांच्या हिशोबात आधीच वजा झाली आहेत.

वसुधा_र
बरोबर. ती १० मिनिटं सुट्ट्यांकडे जाणार आहेत. नवीन आराखडा असा: दोन तास, १५ मिनिटांची सुट्टी, दोन तास, ३० मिनिटांची सुट्टी, दोन तास. पाच मिनिटांचा अंदाज माझ्याही निरीक्षणाशी जुळतो. मधल्या तासांना तेवढी लागतातच, मोठ्या सुट्टीनंतर जास्त.

सावली
मग हा बदल सुट्टीसाठी करा आणि तसं उघड सांगा! मी प्राथमिकला आहे. २५ मिनिटांत हात धुणं, डबा, पाणी, स्वच्छतागृहाची रांग एवढं उरकलं की खेळायला काही उरत नाही. माझ्या वर्गात बहुतेक विषय मीच शिकवते, त्यामुळे मला घंटेची गरजच पडत नाही. मुलं रेंगाळायला लागली की भाषा थांबवून गाणं घेते. तुम्ही माध्यमिकवाले घंटेत फार अडकता असं मला वाटतं.

वसुधा_र
सावलीताई, एका वर्गाला एकच शिक्षक असता तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडे एका मुलाला आठवड्यात आठ-नऊ शिक्षक भेटतात. एकाने पाच मिनिटं लांबवलं की दुसऱ्याच्या वर्गात गोंधळ सुरू होतो.

पालक_कनिष्का
इथे विचारू का? माझ्या मुलीला पाचपैकी चार दिवस गणित शेवटच्या तासाला आहे. घरी येते तेव्हा म्हणते, "आज अर्धाच तास झाला." शाळेत विचारलं तर "वेळापत्रक असंच बसलं" एवढंच उत्तर मिळालं. असं बसतं की बसवतात?

जुना_खडू
कनिष्काताई, प्रश्न धाग्याबाहेरचा वाटला तरी आतलाच आहे. बरीच वर्षं मी वेळापत्रकं केली, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी अडलेल्या गोष्टी बसवाव्या लागतात: दोन दिवसच येणारा शिक्षक, एकच प्रयोगशाळा, एकच मैदान, दोन तुकड्या एकत्र करून फोडलेले भाषेचे गट. मग जोडतास. गणित आणि पहिली भाषा यांचे तास पुष्कळ, शिक्षक रोज हजर, खोली नेहमीचीच. "हे कुठेही बसतील" म्हणून ते शेवटी राहतात आणि उरलेल्या जागा भरतात. एखाद्या तुकडीच्या उरलेल्या जागा दिवसाच्या शेवटीच असल्या, की मुलीचं होतं तसं होतं. मुद्दाम कुणी करत नाही, पण तपासलंही जात नाही.

उपाय सोपा आहे. एका तुकडीत एक विषय शेवटच्या तासाला आठवड्यातून एकदाच, फार तर दोनदा, हा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवायचा. कारण शेवटचा तास कागदावर ३५ मिनिटांचा असला तरी दप्तर भरणं, सूचना, कार्यक्रमाची तयारी हे सगळं त्यातूनच जातं. शाळा लवकर सुटली तरी तोच बुडतो. शाळेला परत विचाराल तेव्हा तक्रार म्हणून न मांडता "शेवटचे तास विषयांत फिरवता येतील का" असं विचारा. दोन विषयांची अदलाबदल बहुतेक वेळा जमते.

पालक_कनिष्का
आभारी आहे सर. असंच विचारते.

प्रयोगशाळा
विज्ञानाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमचा ३५चा जोडतास म्हणजे ७० मिनिटं. साहित्य वाटणं, सूचना, प्रयोग, नोंद, धुऊन ठेवणं यांत ७० मिनिटं नेमकी भरतात. ४५चा एकटा तास मिळाला तर प्रयोग होतो, पण नोंदवही घरी जाते आणि दुसऱ्याची उतरवून येते. ४५चा जोडतास दिला तर ९० मिनिटं, म्हणजे शेवटची १५-२० मिनिटं ३० मुलं काचसामानाच्या मध्ये मोकळी. मला दोन्ही नको.

निरंजन_७
ठीक, शिकवण्याच्या वेळेचं मान्य. पण शिक्षकाच्या भाराचं काय? ३०वरून २२ हा मोठा दिलासा आहे. फक्त एक जपा: मोकळे तास आठवडाभर सारखे पसरवा, म्हणजे प्रत्येक वेळी बदलीला कुणीतरी मोकळं सापडेल. ६ तासांत मोकळे तास कमी असल्याने हे अवघड जाईल.

जुना_खडू
निरंजन, यातलं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायीच शाळा फसतात.

१२ तुकड्या आहेत. प्रत्येक वर्गात प्रत्येक तासाला एक शिक्षक उभा असतो. १६ मधून १२ गेले, ४ मोकळे. तास ३५चा असो की ४५चा, सोमवारचा पहिला असो की शुक्रवारचा शेवटचा, चारच मोकळे. ही संख्या पसरवून पसरत नाही, ती आपोआप सारखीच असते. फरक दोनच ठिकाणी पडतो. संगीताचे शिक्षक वर्गावर असतात तेव्हा पाच मोकळे. आणि भाषेच्या गटांसाठी दोन तुकड्यांचे तीन गट होतात, त्या वेळी तीनच मोकळे. वसुधाताई, तुमच्याकडे असे गट आहेत का?

वसुधा_र
आहेत. वरच्या दोन इयत्तांना, प्रत्येकी आठवड्यातून ४ तास. म्हणजे ८ वेळा तीनच मोकळे असतात. आणि तुम्ही म्हणता तेव्हा आठवतंय, बदली लावताना घाम फुटतो तो याच तासांना.

जुना_खडू
मग पहिली गोष्ट, ते दोन गट एकाच वेळी येऊ देऊ नका, नाहीतर दोनच उरतील. 

दुसरी गोष्ट, तुमच्या मूळ काळजीबद्दल. "भार २२ झाला, थोडे वाढवू" याचा अर्थ नीट बघा. समजा प्रत्येकाला २६ तास दिले. १२ तुकड्यांचे ३० प्रमाणे ३६० तास. संगीताचे १२ वजा, भाषेच्या गटांसाठी जादा ६ धरा, कारण ४ छोटे तास म्हणजे ३ मोठे. झाले ३५४. त्याला २६ने भागा, १४ शिक्षकांत काम भागतं. कागदावर प्रत्येकाचे तास अजूनही पूर्वीपेक्षा ४ने कमी दिसतात. पण मिनिटांत मोजा. पूर्वी ३० गुणिले ३५ म्हणजे १०५०. आता २६ गुणिले ४५ म्हणजे ११७०. आठवड्याला दोन तास वाढले, आणि ते घड्याळाचे.

त्याहून वाईट म्हणजे १४ मधून १२ गेले, दोनच मोकळे. गटांच्या वेळी एकच. त्या वेळी दोघे रजेवर असले की दोन वर्ग एका खोलीत बसवण्यावाचून मार्ग नाही. हे रोज होणार नाही, पण सर्दी-तापाच्या दिवसांत आठवड्यातून कितीदा तरी होईल. त्या दिवशी मुलांचा जो वेळ जातो तो कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही.

गुणाकार
हे मी भोगलं आहे. दोन वर्ग एकत्र बसवले की शिकवणं होत नाही, फक्त राखण होते. आणि हजेरीपटात तास "झाला" अशीच नोंद पडते.

निरंजन_७
समजलं. तरी एक शंका. १६ शिक्षक कायम ठेवले, तरी ६ तासांत बदलीचा फटका मोठा नाही का? पूर्वी रोज २ तास मोकळे, त्यातला एक गेला तर एक उरायचा. आता आठवड्याला ८च मोकळे.

जुना_खडू
फटक्याची बेरीज जवळपास तेवढीच राहते. एक शिक्षक रजेवर गेला तर पूर्वी दिवसाला ६ तास भरावे लागायचे, आता चार-साडेचार. तास मोठे झाले तशा बदल्याही कमी झाल्या. पण वाटणी खडबडीत होते, ते तुमचं बरोबर. आठ मोकळे तास पाच दिवसांत वाटले की कुणाला दोन दिवस तरी एकच मोकळा मिळतो. त्या दिवशी तो बदलीत गेला की त्या माणसाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग सहा वर्ग. वह्या तपासणं तर सोडाच, घसा शेकायलाही वेळ नाही. म्हणून बदलीच्या वहीत एक साधा नियम असावा: ज्याला त्या दिवशी एकच तास मोकळा, त्याचं नाव शेवटी.

सावली
आमच्याकडे हा नियम नाही. नेहमी "मनमिळाऊ" बाईंनाच बदली लागते, कारण त्या नाही म्हणत नाहीत. वही सगळ्यांना दिसेल अशी स्टाफरूममध्ये टांगली तरी पुष्कळ सुधारेल.

षड्ज
मी दोन शाळांत संगीत शिकवतो, प्रत्येकीत दोन-दोन दिवस. वसुधाताई, सहा तासांचा बदल झाला तर माझं काय होईल ते पाहिलंत का? आत्ता दोन दिवसांचे मिळून १६ तास, त्यात १२ तुकड्या. चार मोकळे. वाद्यं लावायला, पुढच्या वर्गाची तयारी करायला, पाणी प्यायला जागा आहे. सहा तास झाले की दोन दिवसांचे बरोबर १२ तास आणि १२ तुकड्या. एकही मोकळा नाही. दिवसभर सलग सहा वर्ग गायचं, मग आवाज उरत नाही.

वसुधा_र
नव्हतं पाहिलं. आणि त्यात आणखी एक अडचण दिसते. एकही जागा मोकळी नसेल तर त्या दोन दिवसांत प्रत्येक तासाला कुठल्या ना कुठल्या तुकडीला संगीत हवंच. म्हणजे प्रयोगशाळा, मैदान आणि भाषेचे गट यांना संगीताच्या भोवती नाचावं लागेल.

निरंजन_७
एकाआड एक आठवडा करा. पहिल्या आठवड्यात सहा तुकड्यांना संगीत, दुसऱ्यात उरलेल्या सहांना. त्या जागी उलट आठवड्यात चित्रकला.

षड्ज
मला विश्रांती मिळेल, पण मुलांचं नुकसान बघा. आता दोन आठवड्यांत ३५-३५ मिळून ७० मिनिटं मिळतात. मग दोन आठवड्यांत एकदाच ४५. आणि तो दिवस नेमका सुट्टीचा निघाला की महिनाभर गाठ नाही. सूर आठवड्याने भेटला तर थोडा तरी कानात राहतो.

गुणाकार
गाण्याचंच नाही, नव्याने सुरू केलेल्या भाषेचंही तेच. तीन मोठ्या बैठकींपेक्षा पाच छोट्या बैठकी बऱ्या, कारण मध्ये विसरायला कमी दिवस मिळतात. मला गणिताला मोठा तास आवडेल. पण आता आठवड्याला ३५चे ७ तास आहेत, २४५ मिनिटं. ४५च्या हिशोबात ५ घेतले तर २२५, ६ घेतले तर २७०. मधलं काही मिळत नाही. ६ मागितले तर इतिहासाचा एक जाणार, आणि ते आमचे इतिहासाचे सहकारी ऐकून घेणार नाहीत. योग्यच आहे त्यांचं.

प्रयोगशाळा
सुट्टीमुळे बुडणाऱ्या तासांबद्दल एक पुरवणी. आठवड्यातून एकदाच येणारे विषय सगळे एकाच वाराला लावू नका. आमच्याकडे ग्रंथालय, चित्रकला, संगीत सगळं शुक्रवारी दुपारी होतं. ज्या वर्षी शुक्रवारच्या सुट्ट्या जास्त आल्या, त्या वर्षी मुलांच्या हातात पुस्तकच पडलं नाही. वर्षाची दिनदर्शिका आधी घ्या, कुठला वार किती वेळा बुडतो ते मोजा, मग हे विषय बसवा.

निरंजन_७
हे सगळं हाताने करण्यापेक्षा FET सारखा मोफत प्रोग्राम वापरा. अटी घालायच्या, प्रत्येक अट किती टक्के पक्की ते सांगायचं, तो जागा शोधतो.

जुना_खडू
वापरावा, माझा विरोध नाही. पण अट सुचली तरच ती त्याच्यात जाते. "एकाच दिवशी एकाला सलग सहा वर्ग नकोत" हे तुम्ही लिहिलं नाहीत तर तो बिनदिक्कत सहा देईल. आणि सगळ्या अटी शंभर टक्के पक्क्या केल्या की तो अडकतो. अडकला की वैतागून लोक शिक्षकाच्या अटी आधी सोडतात. मी म्हणेन, प्रोग्रामला बसण्याआधी कागदावर एकच तपासणी करा: प्रत्येक अडलेल्या गोष्टीला किती जागा आहेत आणि किती लागतात. संगीत १२ पैकी १२ लागतं, हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं. मैदानही बघा, तुकडीला आठवड्यात खेळाचे दोन तास असतील तर २४ लागतात. पूर्वी ४० पैकी २४ होते, आता ३० पैकी. सकाळचा पहिला आणि जेवणानंतरचा तास खेळाला नको म्हणालात की रोज चारच उरतात, आठवड्याचे २०. चार वेळा तरी दोन तुकड्या एकाच मैदानावर.

वसुधा_र
आज रात्री बसून हाच हिशोब ४० मिनिटांच्या ७ तासांवर करून पाहिला. मूळ प्रश्नाकडे परत येते.

७ गुणिले ४० म्हणजे पुन्हा २८०. बदलण्यात ३५ गेले, राहिले २४५. दोन्ही पर्यायांपेक्षा ५ मिनिटं जास्त, हा फरक नगण्यच म्हणते. संगीताला दोन दिवसांत १४ जागा, १२ लागतात. षड्ज सर, रोज एक मोकळा. जोडतास ८० मिनिटांचा. गणिताला ६ तास घेतले तर २४०, जवळपास आजच्याइतकेच, आणि इतिहासाला हात लावावा लागत नाही. शिक्षकाचा सरासरी भार २६च्या आसपास, मिनिटांत आजच्याएवढाच.

व्यवस्थापनाला मी तासांची संख्या सांगणारच नाही. मिनिटं सांगेन, आणि १६ वजा १२, १४ वजा १२ ही वजाबाकी फळ्यावर लिहीन.

प्रयोगशाळा
८० चालेल. नोंदवही वर्गातच पुरी होईल.

सावली
आणि सुट्टी? २८० मिनिटं तासांना दिलीत तर मोठी सुट्टी पुन्हा २५चीच. सहा तासांच्या आराखड्यात मुलांना एकूण ४५ मिनिटं मिळत होती, आता ३५. शिकवण्याची पाच मिनिटं वाढली त्याचं कौतुक आणि सुट्टीची दहा गेली त्याचं कुणाला काहीच नाही?

गुणाकार
तीन तास सलग, मग १० मिनिटं, हेही मला खटकतं. ४०चे तीन म्हणजे दोन तास मूल बसून. पूर्वी पावणेदोन होते.

वसुधा_र
याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. दोन तासांनंतर छोटी सुट्टी, मग तीन तास, मग मोठी, असं केलं तर तीनचा सलग पट्टा भुकेच्या वेळी येतो. शेवटी तीन ठेवले तर शेवटचा तास आणखी मरतो. परिपाठ तीन दिवस १५ऐवजी ५ मिनिटांचा करून ती १० मिनिटं मोठ्या सुट्टीत घालता येतील, पण मग दोन दिवस घंटांचं वेळापत्रक वेगळं होईल आणि पहिले काही आठवडे सगळेच चुकतील.

जुना_खडू
वेगळ्या घंटांना भिऊ नका, मुलं शिक्षकांच्या आधी शिकतात. फक्त मुख्याध्यापकांना आधी विचारा. परिपाठाला हात लावला की आमच्याकडे फार वाद झाला होता.

सावली
तीन दिवस ३५ची मोठी सुट्टी मिळत असेल तर मी माझा आक्षेप अर्धा मागे घेते. उरलेल्या दोन दिवसांसाठी अजून भांडेन.

षड्ज
वसुधाताई, एक विनंती. माझे दोन दिवस लागोपाठ लावू नका. सलग दोन दिवस गायल्यावर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत आवाज बसलेला असतो. सोमवार आणि गुरुवार जमत असेल तर मी दुसऱ्या शाळेशी बोलून घेतो, त्यांचंही वेळापत्रक याच महिन्यात लागायचं आहे.